कोटेशनचं शेवटचं पान आधी वाचा

डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत 1980-90 च्या दशकांत बांधलेल्या पुष्कळ इमारतींमध्ये फ्लॅटच्या भिंतींच्या आत जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपलाइन आहेत. वर्षं गेली की हा मुलामा झिजतो, आतून गंज धरतो आणि त्यावर क्षार बसत जातात. अर्ध्या इंचाच्या पाइपमधली पाण्याची वाट बोटभरही उरत नाही. सकाळी नळ सोडल्यावर आधी लालसर पाणी येतं, स्वयंपाकघरातला नळ चालू केला की शॉवर मंदावतो आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीचा रंग फुगायला लागतो. मग प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं जातं. तो घर पाहून जातो आणि दोन दिवसांनी एक-दोन पानांचं कोटेशन पाठवतो.

बहुतेक घरमालक या कागदावरचा तळाचा आकडा आधी पाहतात. पण प्लंबिंगच्या कोटेशनमध्ये सगळ्यांत मोलाचा मजकूर त्या आकड्याच्या खाली, ‘खालील बाबी समाविष्ट नाहीत’ या मथळ्याखाली असतो. तिथे जे लिहिलंय ते कुणीतरी करणारच असतं आणि त्याचे पैसे तुमच्याच खिशातून जाणार असतात.

एक नमुना घेऊ. चार मजली इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. दोन बाथरूम, स्वयंपाकघर, बाहेर एक बेसिन आणि गॅलरीत वॉशिंग मशीन. पाणी गच्चीवरच्या टाकीतून डक्टमधल्या लाइनने खाली येतं. यातले रुपयांचे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. गावागणिक आणि कामागणिक ते बदलतील, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

कोटेशनचा पहिला भाग कामाच्या व्याप्तीचा. त्यात दोन टोकं स्पष्ट लिहिलेली हवीत : काम कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं. चांगल्या कोटेशनमध्ये वाक्य असं असतं : ‘डक्टमधील फ्लॅटच्या व्हॉल्व्हपासून पुढे आतील सर्व थंड व गरम पाण्याच्या लाइन नवीन टाकणे, एकूण 18 पॉइंट.’ सुरुवातीचं टोक महत्त्वाचं, कारण व्हॉल्व्हच्या अलीकडची डक्टमधली लाइन सोसायटीची असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या पाण्याच्या लाइन, टाक्या आणि पंप यांची दुरुस्ती संस्थेने करायची आणि फ्लॅटच्या आतली सभासदाने स्वखर्चाने. म्हणून सही करण्याआधी एक साधी तपासणी करावी. डक्टच्या सर्वांत जवळच्या नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावं आणि सर्वांत लांबच्या नळाखालीही तेच करावं. जवळचा नळ जोरात आणि लांबचा मंद असेल, तर दोष आतल्या लाइनचा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही मंद असतील, तर दोष डक्टमधल्या लाइनचाही असू शकतो, आणि तसं असेल तर आतले पाइप बदलूनही शॉवरला जोर येणार नाही.

दुसरं टोक म्हणजे पॉइंट. भिंतीतून पाणी जिथे बाहेर निघतं ते प्रत्येक तोंड एक पॉइंट. आपल्या फ्लॅटमध्ये मोठ्या बाथरूमचे आठ होतात : शॉवरच्या मिक्सरला गरम-थंड मिळून दोन, गीझरला येणारा आणि जाणारा असे दोन, बेसिनचे दोन, कमोडच्या टाकीचा एक आणि जेटचा एक. दुसऱ्या बाथरूममध्ये बेसिन नाही, म्हणून सहा. स्वयंपाकघरात सिंक आणि फिल्टर मिळून दोन, बाहेरचं बेसिन एक, वॉशिंग मशीन एक. एकूण 18. ही मोजणी मालकाने स्वतः घरभर फिरून करावी. काम निम्म्यावर आल्यावर ‘ताई, फिल्टरचा पॉइंट यात नव्हता’ असं ऐकू आलं, तर घासाघीस करायची वेळ टळून गेलेली असते. वाढीव पॉइंटचा दर आधीच लिहून घेतलेला असला की हा वाद उद्भवत नाही.

व्याप्तीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे लाइनचा मार्ग. जुनी लाइन बहुधा काढत नाहीत. ती डक्टपाशी तोडून, बूच लावून भिंतीतच सोडतात आणि नव्या पाइपसाठी भिंतीला नवी झिरी मारतात. ही झिरी कमरेच्या उंचीवरून गेली तर टाइल्सची अख्खी रांग फुटते. मुख्य लाइन दाराच्या वरून, छताजवळून फिरवली आणि प्रत्येक पॉइंटला सरळ खाली उतरवली, तर टाइल्स फक्त उभ्या पट्ट्यांत फुटतात. फरशीखालून लाइन नेली तर खालचं वॉटरप्रूफिंग तुटतं आणि गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरते. बीम आणि कॉलमला झिरी मारायची नाही, हेही कागदावर असावं.

दुसरा भाग साहित्याचा. आजकाल घरातल्या गरम-थंड लाइनसाठी सहसा सीपीव्हीसी हा फिकट पिवळसर प्लास्टिक पाइप वापरतात. कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगल्या कंपनीचा सीपीव्हीसी पाइप’ असं असेल तर ते अपुरं आहे. या पाइपचं भारतीय मानक आयएस 15778, आणि घरात येणारे त्याचे दोन वर्ग म्हणजे एसडीआर 11 आणि एसडीआर 13.5. बाहेरच्या व्यासाला भिंतीच्या जाडीने भागलं की हा आकडा येतो, म्हणून आकडा लहान तितका पाइप जाड. गरम पाण्यात हा फरक जाणवतो. सीपीव्हीसीची दाब सोसण्याची ताकद तापमानासोबत घसरते. एसडीआर 11 चा पाइप 23 अंश सेल्सिअसला चौरस सेंटिमीटरला सुमारे 28 किलो दाब सोसतो, तर 82 अंशांना सुमारे 7 किलो. चार मजली इमारतीत गच्चीच्या टाकीचा दाब एक-दीड किलोच्या पुढे क्वचित जातो, तेव्हा दोन्ही वर्ग चालतील. तरी झिरी बुजवल्यावर पाइप पुन्हा दिसणार नाही, म्हणून भिंतीतल्या कामाला एसडीआर 11 मागावा. माल आल्यावर पाइपवर छापलेली ओळ वाचावी : कंपनीचं नाव, माप, वर्ग आणि आयएस क्रमांक त्यात असतो. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द कोटेशनमध्ये असतील तर त्यापुढे ‘मालकाच्या लेखी संमतीने’ एवढं जोडून घ्यावं.

गळती सरळ पाइपमध्ये क्वचित होते, जोडावर जास्त होते. पाइप आणि फिटिंग सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात आणि ते सीपीव्हीसीसाठीचंच लागतं. पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपचं सिमेंट इथे चालत नाही. नळ जिथे आट्यांवर फिरवून बसवतात, तिथलं फिटिंग आतून पितळी आट्यांचं हवं. निव्वळ प्लास्टिकच्या आट्यांवर नळ घट्ट आवळला की तिथे बारीक चीर जाते आणि ती महिन्यांनी गळू लागते. 18 पॉइंटना पितळी फिटिंग म्हणजे काही हजारांचा फरक. स्वस्त कोटेशन कित्येकदा याच ओळीत स्वस्त झालेलं असतं.

आता शेवटचं पान. आपल्या फ्लॅटसाठी दोन कोटेशनं आली असं धरू. पहिलं 72,000 रुपयांचं, दुसरं 98,000 चं. पहिल्याच्या वगळलेल्या बाबींत लिहिलंय : जीएसटी, टाइल मिस्त्रीचं काम, राडारोडा खाली उतरवून नेणं, आणि जुने नळ, मिक्सर, गीझर काढून पुन्हा बसवणं. दुसऱ्यात हे सगळं धरलेलं आहे.

पहिल्यावर 18 टक्के जीएसटी चढवला की 12,960 वाढून 84,960 होतात. टाइल मिस्त्रीची मजुरी आणि सिमेंट-वाळूचे 14,000 धरा, राडारोड्याचे 5,000, आणि नळ-मिक्सर काढून बसवण्याचे पॉइंटमागे 300 प्रमाणे 5,400. बेरीज 1,09,360. स्वस्त वाटलेलं कोटेशन दुसऱ्यापेक्षा 11,360 रुपयांनी महाग निघालं. शिवाय प्लंबर, मिस्त्री आणि टेम्पोवाला यांच्या वेळा जुळवण्याचं काम मालकाच्या गळ्यात पडलं. जीएसटीबद्दल एवढं लक्षात ठेवावं की नोंदणी नसलेल्या कॉन्ट्रॅक्टरला तो लावता येत नाही, म्हणून लावला असेल तर नोंदणी क्रमांक कागदावर हवा.

काही बाबी दोघांनीही वगळलेल्या असतात आणि त्यात वावगं काही नाही. नव्या टाइल्सची किंमत, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजची लाइन, नवे नळ-शॉवर आणि सोसायटीची परवानगी या त्या बाबी. यातली टाइल्सची ओळ सर्वांत जास्त रडवते. तीस वर्षांपूर्वीची डिझाइन बाजारात मिळत नाही. मग उभ्या पट्ट्यांत वेगळ्या रंगाची टाइल मुद्दाम लावायची की बाथरूमच्या सगळ्या भिंती नव्याने करायच्या, हे झिरी मारण्याआधी ठरवावं लागतं. सगळ्या भिंती करायच्या ठरल्या तर खर्च कोटेशनच्या आकड्याच्या बाहेर जातो.

‘भिंतीतील अनपेक्षित अडचणींचा खर्च वेगळा’ ही ओळही हमखास असते. भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कॉन्ट्रॅक्टरलाही दिसत नाही, तेव्हा ती रद्द करायला लावणं योग्य नाही. मात्र ‘असा खर्च करण्याआधी जागा दाखवून, रक्कम लिहून संमती घ्यावी’ हे वाक्य तिच्यापुढे घालून घ्यावं.

राहिली टेस्ट. झिरी बुजवण्यापूर्वी सगळे पॉइंट बुचांनी बंद करून, गीझर लाइनपासून तोडून, हातपंपाने लाइनमध्ये पाणी दाबतात. आधी हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. चौरस सेंटिमीटरला 7 किलो दाब देऊन काटा दोन तास हलला नाही, तर रोजच्या दाबाच्या कितीतरी पट परीक्षा झाली. सिमेंट पक्कं व्हायला शेवटच्या जोडानंतर एक दिवस सोडून टेस्ट घ्यावी. काटा उतरला तर प्रत्येक जोडावर हात फिरवून ओल शोधता येते, कारण भिंत अजून उघडी आहे. कोटेशनमध्ये दाब, वेळ आणि ‘मालकाच्या समोर’ हे तिन्ही लिहिलेलं हवं. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावा. पुढे ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते त्यावरून कळतं.

पैशांचे हप्ते याच टप्प्यांना बांधावेत. माल घरी आल्यावर 40 टक्के, टेस्ट उतरल्यावर 40 टक्के, आणि नळ बसवून आठवडाभर वापरून पाहिल्यावर उरलेले 20. अर्धे पैसे आगाऊ मागणारा कॉन्ट्रॅक्टर लबाडच असतो असं नाही, कारण पाइपचं दुकान त्याला उधारी देत नसेल. तसं असेल तर माल आपणच दुकानातून बिलावर घ्यावा आणि कोटेशन फक्त मजुरीचं करून मागावं. मग पाइपची वॉरंटी कंपनीकडे आणि जोडांची हमी त्याच्याकडे, अशी विभागणीही बिलासकट स्पष्ट होते. जोडांची हमी किती काळाची, हे मात्र त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्यावं.