उकडहंडीची चिठ्ठी पुस्तकात येताना

डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या घरात उकडहंडीची कृती चिठ्ठीवर अशी सापडते: ‘पापडी, कंद, रताळी, ओवा, मूठभर मीठ, पाला दाबून, वास सुटेपर्यंत.’

पहिली अडचण मुठीची. चिठ्ठी लिहिणाऱ्या आजींच्याच मुठीतलं मीठ वाटीत ओतून मोजावं. ते खडे की बारीक, हेही लिहावं. एकाच वाटीत बारीक मीठ जास्त मावतं.

साहित्य वापराच्या क्रमाने मांडलं, की चिठ्ठीत शेवटी आलेला भांबुर्ड्याचा पाला यादीत पहिला येतो. मग पायऱ्या:

१. मडक्याच्या तळाशी पाला.
२. मसाला लावलेल्या भाज्या.
३. तोंडाशी पाला गच्च.
४. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ.

वेळ नुसत्या मिनिटांत लिहू नये. मडकं, लाकूड बदललं की तीही बदलते. ‘साधारण पाऊण तास, पाला सारून कंदात काडी सहज शिरते का पाहावं, नाहीतर पुन्हा झाकावं,’ एवढं लिहिलं की नवख्याच्या ताटात कच्चा कंद येत नाही.