स्पीकरफोनसाठी चार ओळींचा ईमेल

मीटिंगमध्ये पलीकडून सतत ‘आवाज येत नाही’ असं ऐकू येत असेल, तर ऑफिस मॅनेजरला तक्रार नको, हिशेब पाठवा. सहा जणांच्या टीमसाठी तो असा:

‘मॅडम, लॅपटॉपचा माइक टेबलाच्या टोकाचा आवाज नीट पकडत नाही, दुसरा लॅपटॉप जोडला की आवाज घुमतो. आठवड्याला सगळ्यांची १० मिनिटं जातात. माणशी तासाला ३०० रुपये धरले, तर ३०० रुपयांचं काम बुडतं. १०,००० रुपयांचा यूएसबी स्पीकरफोन आठेक महिन्यांत वसूल होईल. वायरिंग नाही, मासिक भाडं नाही. आधी एकच घेऊ.’

खोली मोठी असेल, तर माइकचा पल्ला आधी तपासा. आणि कोटेशन ईमेललाच जोडा.