हातात न पडलेल्या व्याजावरचा कर

समजा, सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने 1 जानेवारी 2025 रोजी एका कंपनीचे 4 लाख रुपयांचे डिबेंचर घेतले. व्याज वर्षाला 9 टक्के, दर सहामाहीला 30 जून आणि 31 डिसेंबरला मिळायचे. मार्चअखेर बँकेत एक रुपयाही जमा झालेला नव्हता. जूनमध्ये विवरणपत्र भरायच्या आधी त्यांनी फॉर्म 26एएस उघडला, तर तिथे 2024-25 या वर्षासाठी 9,000 रुपये व्याज आणि 900 रुपये करकपात दिसली.

चूक कोणाचीही नव्हती. डिबेंचरचे व्याज देय तारखेला हातात पडते, पण साठत जाते रोज. 31 मार्चला कंपनीचे हिशेबाचे वर्ष संपते, तेव्हा तीन महिन्यांचे व्याज खर्चात धरावेच लागते. म्हणून कंपनी व्याजखाते 9,000 ने नावे टाकते, 8,100 रुपये देय व्याजाच्या खात्यात आणि 900 रुपये टीडीएसच्या खात्यात जमा दाखवते. पैसे देणे किंवा खात्यात जमा दाखवणे, यांतले जे आधी घडेल तेव्हा करकपात करावी, असा कायदा आहे. व्याज गुंतवणूकदाराच्या नावे न टाकता ‘देय व्याज’ किंवा ‘सस्पेन्स’ अशा खात्यात ठेवले, तरी ती जमाच धरली जाते. मार्चमधली ही कपात कंपनीला 30 एप्रिलपर्यंत सरकारकडे भरावी लागते. उशीर झाला तर तिला महिन्याला दीड टक्का व्याज पडते.

30 जूनला पूर्ण सहामाहीचे व्याज होते 18,000. त्यातल्या 9,000 वर कर आधीच कापलेला. उरलेल्या 9,000 वर आणखी 900 कापून बँकेत 16,200 रुपये येतात.

आता प्रश्न विवरणपत्राचा. व्याज साठेल तसे दाखवणारी व्यक्ती 2024-25 मध्ये 9,000 उत्पन्न दाखवते आणि 900 चे श्रेय घेते. रोखीने, म्हणजे पैसे मिळाल्यावर उत्पन्न धरणाऱ्याने त्या वर्षी व्याज दाखवायचे नाही आणि 900 चे श्रेयही घ्यायचे नाही. टीडीएसच्या तक्त्यात ते पुढच्या वर्षासाठी ओढायचे. मग 2025-26 मध्ये जूनच्या हप्त्याचे 18,000 उत्पन्न आणि 1,800 चे श्रेय असा मेळ बसतो. उत्पन्न न दाखवता 900 चा परतावा मागितला, तर मात्र विसंगतीची सूचना येऊ शकते. निवडलेली पद्धतही दरवर्षी तीच ठेवावी लागते, सोयीप्रमाणे बदलता येत नाही.

आणखी एक चूक फार सहज होते. पासबुकात 16,200 दिसतात, म्हणून तेवढेच उत्पन्न लिहिले जाते. कापलेला करही आपल्याच व्याजाचा भाग असतो, त्यामुळे उत्पन्न 18,000 च लिहावे लागते.