पिवळे पडलेले मोबाइल कव्हर

कॉलेजातला एक मुलगा खोकत ओपीडीत आला. डोळे लाल, घशात जळजळ. मोबाइलचे पिवळे पडलेले पारदर्शक कव्हर स्वच्छ करायला त्याने बंद बाथरूममध्ये ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र केले होते. ब्लीच आम्लात मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मुलगा बरा झाला. कव्हर मात्र पिवळेच राहिले, वर चिकटही झाले.

‘सिलिकॉन’ म्हणून मिळणारी बरीचशी पारदर्शक कव्हरे टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकची असतात. ऊन आणि उष्णतेने त्याचे रेणूच बदलतात. हा पिवळेपणा आतला असतो, तो धुऊन जात नाही. घाम, तेल आणि हळदीच्या हातांचा वरचा थर मात्र बराचसा निघतो.

त्यासाठी मोबाइल काढून कव्हर कोमट पाण्यात, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब घालून पंधरा मिनिटे बुडवा. मऊ टूथब्रशने हलके घासा. साबण राहिला तर चिकटपणा वाटतो, म्हणून भरपूर पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. सोडा किंवा टूथपेस्टने घासू नका. बारीक ओरखडे पडून कव्हर धुरकट होते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हरने पृष्ठभाग विरघळून चिकट होतो.

आधी एकच कोपरा धुऊन पाहा. तो उजळला नाही, तर पिवळेपणा आतला आहे. तेव्हा कव्हर बदला, फुप्फुसे पणाला लावू नका.