लंडनचा ठोसा पुण्यात पोचतो तेव्हा

एक मित्र पुण्यात, दुसरा लंडनमध्ये, आणि दोघांना १९९८ सालचा ‘द किंग ऑफ फायटर्स’ एकमेकांविरुद्ध खेळायचा आहे. निओ जिओच्या यंत्रावरचा हा खेळ एकाच मशीनसमोर उभ्या राहिलेल्या दोघांसाठी बनवला होता, इंटरनेटचा त्यात विचारच नव्हता. आज इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्याला ऑनलाइन नेतं.

हा खेळ सेकंदाला जवळजवळ साठ चित्रं दाखवतो. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम, साधारण १७ मिलिसेकंद. पुणे-लंडन पिंग १४० मिलिसेकंद आहे असं धरू. पिंग हा जाऊन-येऊनचा वेळ असतो, म्हणजे दाबलेलं बटण पलीकडे पोचायला ७० मिलिसेकंद, सुमारे चार फ्रेम लागतात. चपळ ठोसा तेवढ्या वेळात समोरच्याच्या अंगावर पोचलेला असतो.

जुनी पद्धत अशी होती की दोघांची बटणं हातात येईपर्यंत खेळ पुढे सरकायचाच नाही. मग स्वतःचा खेळाडूही जड वाटायचा, आणि नेट अडखळलं की चित्र थिजायचं. २००६ मध्ये टोनी कॅनन यांनी जीजीपीओ आणलं आणि रोलबॅकची पद्धत रुळली. यात तुमचं बटण लगेच लागू होतं. मित्राचं बटण अजून आलेलं नसतं, म्हणून त्याने आधीच्या फ्रेममध्ये जे दाबलं होतं तेच अजून दाबलेलं आहे असं इम्युलेटर गृहीत धरतो. माणूस एकच बटण बऱ्याच फ्रेम धरून ठेवतो, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकला, तर इम्युलेटर चार फ्रेम मागची जपून ठेवलेली स्थिती उघडतो, खरं बटण घालतो आणि मधल्या फ्रेम क्षणार्धात पुन्हा चालवून आजच्या फ्रेमवर येतो. तुम्हाला एवढंच दिसतं, की लंडनचा ठोसा सुरुवात न दिसता एकदम अर्ध्यावरून उगवला.

इथे फ्रेम डिले कामाला येतो. आपलंच बटण मुद्दाम दोन फ्रेम उशिरा लागू करायचं. तेवढ्या वेळात मित्राचं बटण जवळ येऊन ठेपतं आणि चारऐवजी दोनच फ्रेम मागे जावं लागतं. डिले चार केला तर उड्या जवळपास थांबतील, पण हात जड होईल. माझं मत ठाम आहे: या अंतरावर दोनपासून सुरुवात करावी. उशीर ठरावीक असला तर बोटं त्याला सरावतात, अचानक येणाऱ्या उड्यांना सरावत नाहीत. रेट्रोआर्चमध्ये हा आकडा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Input Latency Frames` या नावाने सापडतो.

मात्र हे सगळं एका अटीवर उभं आहे. तारेवरून चित्र जात नाही, फक्त बटणं जातात. खेळ दोन्ही घरी स्वतंत्रपणे चालतो, आणि सारख्या बटणांतून दोन्हीकडे सारखाच खेळ घडला पाहिजे. इम्युलेटरची आवृत्ती किंवा गेमची फाइल किंचित जरी वेगळी असली, तरी दोन सामने वेगळ्या वाटेने निघू शकतात. याला डीसिंक म्हणतात. त्याची खूण सोपी आहे: तुमच्या पडद्यावर मित्राचा खेळाडू कोपऱ्यात हवेत लाथा मारत असतो, आणि त्याच्या पडद्यावर तो तुम्हाला बदडत असतो. ही शंका आली की फोन लावावा आणि दोघांनी एकाच वेळी आपापल्या पडद्यावरचं घड्याळ आणि शक्तीची पट्टी किती उरली ते सांगावं.

रेट्रोआर्चमध्ये गेम चालवणाऱ्या भागाला कोअर म्हणतात, आणि गडबड बहुधा तिथेच होते. दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत डाउनलोड केलं तर नाव तेच राहतं, आतला माल बदललेला असतो. म्हणून दोघांकडे विंडोज असेल तर एकानेच `fbneo_libretro.dll` ही फाइल दुसऱ्याला पाठवावी. `kof98.zip` आणि `neogeo.zip` या दोन फाइलीही नावाने नव्हे, चेकसमने जुळवाव्यात. विंडोजमध्ये दोघांनी हे चालवून उत्तर ताडून पाहावं:

```
certutil -hashfile kof98.zip SHA1
```

चीट बंद असावेत, कोअरची सेटिंगही तीच असावी. एवढी जुळवाजुळव नको असेल तर फाइटकेड वापरावं, कारण तिथे इम्युलेटर दोघांनाही एकाच ठिकाणाहून मिळतो.

रेट्रोआर्चमध्ये सामना मांडणाऱ्याने राउटरवर ५५४३५ हा पोर्ट उघडायचा असतो. भारतातल्या अनेक जोडण्यांवर एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे पोर्ट उघडूनही मित्र आत येत नाही. अशा वेळी `Use Relay Server` चालू करावं, पण सर्व्हर कुठला ते बघून. पुणे-नाशिक सामना अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फिरवला तर पिंग लंडनपेक्षाही वर जातो.

पिंग स्थिर आहे का, हेही पाहावं. १४० वर टिकून राहिलेली जोडणी ४० आणि २०० मध्ये झोके खाणाऱ्या जोडणीपेक्षा कितीतरी बरी, कारण झोक्यांसाठी कुठलाच डिले बसत नाही. असे झोके बऱ्याचदा घरातल्या वायफायचे असतात, म्हणून सेटिंग बदलण्याआधी राउटरला केबल जोडून एक सामना खेळून पाहावा.