पैसे भरण्याआधीची संध्याकाळ

‘शिकवणीचं अ‍ॅप का घेतलं?’ असं विचारलं, की पालक ‘चांगलं शिकवतात’ म्हणतात. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून बॉब मोएस्टा यांच्या मुलाखत-पद्धतीत नुकतीच खरेदी केलेल्यांना घटनाक्रम आठवायला लावतात: पहिला विचार कधी आला, आधी काय करून पाहिलं, धास्ती कशाची होती?

समजा, एक आई सांगते: सहामाहीत गुण घसरले, कामावरून आल्यावर अपूर्णांकांवरून लेकीशी रोज वाद व्हायचा, शेवटी एका रात्री वैतागून पैसे भरले. तिला खरं तर वादाविना संध्याकाळ हवी होती.

हेच कारण इतर मुलाखतींतही आलं, तर नवे व्हिडिओ थांबवून संध्याकाळी शंका सोडवणारा शिक्षक द्यावा. अ‍ॅप सोडलेल्या पालकांशीही बोलावं; नाहीतर फसलेली बाजू दिसतच नाही.