शुक्राच्या पंधरा नोंदी आणि दीडपटीचे कुंपण

१८४६ मध्ये वॉशिंग्टन येथे लेफ्टनंट हर्नडन यांनी दुर्बिणीतून शुक्राचा उभा अर्धव्यास पंधरा वेळा मोजला. प्रत्येक मोजमाप हिशेबाने येणाऱ्या किमतीपासून किती विकला ढळले, ते फरक चढत्या क्रमाने असे लागतात: −१.४०, −०.४४, −०.३०, −०.२४, −०.२२, −०.१३, −०.०५, ०.०६, ०.१०, ०.१८, ०.२०, ०.३९, ०.४८, ०.६३, १.०१. पहिली संख्या खटकते. शेवटचीही थोडी खटकते. पण खटकणे हा काही निकष नव्हे, आणि अशा फटकून असलेल्या नोंदी, म्हणजे आउटलायर, ओळखायला एखादा नियम लागतो.

सर्वांच्या ओळखीचा नियम सरासरी आणि प्रमाण विचलनाचा आहे: सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीपेक्षा दूर असेल ती नोंद संशयित. इथे सरासरी ०.०१८ आणि प्रमाण विचलन ०.५५ येते. −१.४० ही नोंद सरासरीपासून सुमारे २.६ पट दूर आहे, म्हणजे ती सुटते. कारण उघड आहे. जिची चौकशी करायची तीच नोंद मोजपट्टी बनवायलाही बसली आहे; तिच्यामुळे प्रमाण विचलन फुगते आणि फुगलेल्या मापात तीच साधी दिसू लागते. नोंदी दहा किंवा त्याहून कमी असतील, तर कोणतीही नोंद या मापाने तिपटीपर्यंत पोहोचूच शकत नाही, मग ती कितीही भलती असो. छोट्या यादीसाठी हा नियम म्हणजे दात नसलेला राखणदार.

चतुर्थक ही अडचण टाळतात, कारण ते संख्येच्या आकाराकडे न बघता रांगेतल्या जागेकडे बघतात. पंधरांतली मधली, आठवी नोंद ०.०६ हा मध्यक. तो बाजूला ठेवला की दोन्हीकडे सात-सात नोंदी उरतात. खालच्या सातांतली मधली −०.२४ हा पहिला चतुर्थक, वरच्या सातांतली मधली ०.३९ हा तिसरा. दोहोंतले अंतर ०.६३, हाच आंतरचतुर्थक विस्तार: साधारण मधल्या निम्म्या नोंदी एवढ्या पट्ट्यात मावतात. −१.४० च्या जागी चुकून −१४.० लिहिले गेले असते, तर सरासरी −०.८२ पर्यंत घसरली असती. दोन्ही चतुर्थक मात्र तसूभरही हलले नसते.

आता कुंपण. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी रूढ केलेल्या नियमानुसार विस्ताराची दीडपट घ्यायची, पहिल्या चतुर्थकातून वजा करायची आणि तिसऱ्यात मिळवायची. ०.६३ ची दीडपट ०.९४५. खालचे कुंपण −१.१८५ वर आणि वरचे १.३३५ वर पडते. −१.४० बाहेर राहते, १.०१ आत.

इथे एक खोच आहे. चतुर्थक काढण्याची पद्धत एकच नाही. मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरला तर प्रत्येक अर्ध्यात आठ नोंदी येतात आणि चतुर्थक −०.२३ व ०.२९५ होतात. विस्तार ०.५२५ वर येतो, कुंपणे −१.०१७५ आणि १.०८२५ वर सरकतात. निकाल बदलत नाही, पण १.०१ आता जेमतेम ०.०७ ने आत आहे. एक्सेलमध्ये याच पंधरा नोंदींसाठी `QUARTILE.EXC` पहिले उत्तर देते आणि `QUARTILE.INC` दुसरे. हजारो नोंदींत हा फरक सहसा जाणवतही नाही. पंधरांत तो एखाद्या नोंदीचे नशीब ठरवू शकतो. म्हणून छोट्या यादीचा निकाल सांगताना कोणती पद्धत वापरली तेही सांगावे.

दीडच का? नोंदी घंटाकार वक्रात विखुरलेल्या असतील आणि भरपूर असतील, तर दीडपटीच्या कुंपणाबाहेर हजारात सुमारे सातच निर्दोष नोंदी पडतात. छोट्या यादीत मात्र चतुर्थक स्वतःच नमुन्यागणिक इकडेतिकडे होतात, त्यामुळे निर्दोष नोंदी बाहेर पडण्याचे प्रमाण वाढते. वितरण एका बाजूला लांबट असेल, जसे घरांच्या उत्पन्नाचे असते, तर वरच्या कुंपणाबाहेर खरीखुरी माणसे उभी राहतात. अशा वेळी संख्यांचे लॉगॅरिदम घेऊन तपासणे बरे. आणि एक चतुर्थांशाहून अधिक नोंदी एकाच बाजूला बिघडलेल्या असतील, तर चतुर्थकच त्यांच्यात जाऊन बसतो आणि कुंपण निकामी होते.

हर्नडन यांच्या नोंदींवर पुढे बराच खल झाला. बेंजामिन पर्स यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या निकषाने −१.४० आणि १.०१ या दोन्ही नोंदी वगळल्या जातात. विल्यम शोव्हने यांच्या १८६३ च्या निकषाने फक्त −१.४०. ट्युकींचे कुंपण शोव्हने यांच्या बाजूने कौल देते. पण कुंपणाबाहेरची नोंद खोडायची की ठेवायची, हे कुंपण सांगत नाही. ते फक्त मूळ वहीचे कोणते पान उघडायचे ते दाखवते: त्या दिवशी हवा कशी होती, आकडा उतरवताना चूक झाली का, दुर्बीण नीट लावलेली होती का. वहीत कारण सापडले नाही, तर ती नोंद ठेवून एकदा आणि वगळून एकदा असे दोन्ही हिशेब द्यायचे. या यादीत ती ठेवली तर सरासरी ०.०१८ येते, वगळली तर ०.११९.